अनुभव धागा: पाच विठ्ठल गावकर आणि जनगणनेचे फॉर्म

म्हादईकाठची बाई

जनगणनेचे काम केलेल्यांनी, किंवा ज्यांच्या दारात प्रगणक आला होता त्यांनी, इथे आपले अनुभव लिहावेत. विषय एकच: एकाच नावाची माणसे. सुरुवात मी करते.

२०११ साली मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका होते. माझ्या वाट्याला १२१ कुटुंबांचा गट आला. त्यातली ६३ कुटुंबे गावकर. (गावाचे नाव लिहीत नाही, माणसांची नावे बदलली आहेत.) गावकर कुटुंबांपैकी पाचांचे प्रमुख विठ्ठल, आणि त्यातले दोघे विठ्ठल विष्णू. नातवाला आजोबाचे नाव द्यायची पद्धत असल्याने एका पिढीत विठ्ठल विष्णू, पुढच्या पिढीत विष्णू विठ्ठल, त्याच्या पुढे पुन्हा विठ्ठल विष्णू. चुलत्यांच्या दोन्ही घरांत हेच चालू.

९ ते २८ फेब्रुवारी ही गणना होती. पहिल्याच दिवशी एका अंगणात बसून विचारले, घरच्या कर्त्या माणसाचे नाव काय? बाई पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "आमचे ते पंढरपुरचे." नवऱ्याचे नाव त्या घेत नव्हत्या. शेजारचा मुलगा ओरडला, "विठ्ठल!" मी लिहिले. पुढच्या घरीही पंढरपुरचेच. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच्या वहीत प्रत्येक घरापुढे गावचे नाव लिहू लागले: वरचे ते वयलें घर, खालचे ते सकयलें घर, खळ्याकडलें, व्हाळाकडलें. गावात कुणीही विठ्ठल विष्णू म्हणत नाही. वयल्या घरचो विठ्ठल म्हणतात, आणि लहान मुलालाही तो कोण ते कळते.

वयलें घर माझ्या यादीत ४७ क्रमांकाचे कुटुंब, सकयलें घर ५२.

१ ते ५ मार्च उजळणीची फेरी. प्रत्येक घरी परत जायचे आणि विचारायचे, कुणी जन्मले का, कुणी वारले का, कुणी नवे राहायला आले का. ३ मार्चला सकाळी दुकानाकडे पोचले तर दुकानदार म्हणाला, "बाई, विठ्ठल विष्णू सरलो. काल सांजवेळार." माझ्या डोक्यात विठ्ठल विष्णू म्हणजे ४७, कारण त्यांच्या घरी मी दोनदा चहा घेतला होता. तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून मी ४७चा फॉर्म काढला, पहिल्या ओळीवर रेघ मारली, खालची बेरीज सहावरून पाच केली, पुरुष तीनचे दोन केले.

मग समाचाराला म्हणून वर गेले. विठ्ठलबाब घरापुढच्या बल्कांवावर बसून सुपारी कातरत होते.

माझ्या हातातल्या पिशवीत ते मेलेले होते. मला बोलता येईना. त्यांनीच सांगितले, "सकयल्या घरचो गेलो. म्हजो चुलतभाव."

खाली गेले तेव्हा घर माणसांनी भरलेले. कागद काढायची हिंमत झाली नाही, ओसरीवर नुसती बसले. घरी येऊन ५२चा फॉर्म उघडला आणि पेन टेकवताना प्रशिक्षणातले वाक्य आठवले: १ मार्चच्या मध्यरात्री शून्य वाजता जो जिवंत, तो मोजायचा. सकयल्या घरचे विठ्ठल २ मार्चच्या संध्याकाळी गेले होते. म्हणजे त्यांच्या ओळीलाही रेघ मारायची नव्हती. ज्याला मारली तो जिवंत होता, आणि जो गेला त्याला मारायचीच नव्हती. दोन्ही घरांत सहा आणि सहा, जसे पहिल्या दिवशी होते तसेच.

५२ मध्ये दुसऱ्या ओळीवर त्यांच्या बायकोचे नाव होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात "विवाहित" होते, तेही तसेच ठेवायचे होते. त्याच दिवशी मी त्या बाईंच्या रिकाम्या कपाळाकडे बघितले होते. इतकी वर्षे झाली, तो आकडा मी बरोबर ठेवला हे मला माहीत आहे, तरी तो फॉर्म डोळ्यांसमोरून जात नाही.

जुना पर्यवेक्षक

बाई, तुमची चूक बहुतेक प्रगणक करतात. फरक इतकाच की तुम्ही घरी गेलात म्हणून ती सापडली. माझ्याकडे सहा गट होते. एका प्रगणकाने उजळणी नाक्यावर उभे राहूनच केली होती आणि ते मला फार उशिरा कळले. खूण अशी: त्याच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच शाईत, एकाच झोताने केलेल्या, आणि वर्षाच्या आतले एकही मूल नव्याने धरलेले नाही. दीडशे घरांत तीन आठवड्यांत एकही बाळ नसणे शक्य असते, पण शाईची खूण जोडीला होती.

फॉर्ममधली ओळख नावाने होत नाही. इमारत क्रमांक, घर क्रमांक, कुटुंब क्रमांक आणि त्यातली ओळ, एवढ्यावर माणूस ठरतो. नाव तिथे आहे ते मुख्यतः प्रगणकाला स्वतःला चुकू नये आणि कुणी दोनदा येऊ नये म्हणून. म्हणून पाच विठ्ठल असले तरी आकडा बिघडत नाही. तो बिघडतो जेव्हा प्रगणक नंबर सोडून नाव डोक्यात ठेवतो.

आणि पंढरपुरच्यांबद्दल. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिले आहे की रूढीने जे नाव घ्यायला बाईला मनाई आहे, ते सांगायची तिच्यावर सक्ती नाही, मग तो नवरा हयात असो वा नसो. पुष्कळ प्रगणक "सांगावेच लागेल" म्हणून बायकांना दटावतात. ते चूक आहे.

काणकोणचो

मला हे नीट पटले नाही. आमच्या घरी आलेल्या मास्तरांनी वडलांचे नाव, आईचे नाव, सगळे विचारून लिहिले होते. आमच्याकडे वेळीप आणि गावकर खोऱ्याने आहेत, तरी घोळ झाला नाही. आईचे नाव वेगळे असले की दोन विठ्ठल आपोआप वेगळे होतात ना?

म्हादईकाठची बाई

ते २०१० साली झाले, घरयादीबरोबर. तेव्हा लोकसंख्या रजिस्टरचा वेगळा फॉर्म भरला होता, त्यात आईवडलांची नावे होती. फेब्रुवारी २०११च्या फॉर्ममध्ये ओळखीपुरते फक्त माणसाचे स्वतःचे नाव आणि कुटुंबप्रमुखाशी नाते. दोन्ही वेळी आम्ही मास्तरच दारात आलो, म्हणून लोकांना एकच वाटते. आईच्या नावाचे तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण माझ्या दोन विठ्ठलांच्या आयांची नावेही एकच होती, लक्ष्मी.

फोंड्याचा पोस्टमन

मी जनगणना केली नाही, पण हे दुखणे माझेही आहे. पाकिटावर नाव, आडनाव, गाव, पिनकोड. घर नंबर नाही, वाडा नाही. नवीन असताना पेन्शनची मनिऑर्डर मी चुकीच्या म्हाताऱ्याला दिली. त्याने अंगठा उठवला, पैसे घेतले. त्याने फसवले नाही, त्याचीही मनिऑर्डर येणार होती आणि त्याला ती आपलीच वाटली. खऱ्या माणसाची औषधे आठ दिवस अडली. पैसे मी माझ्या खिशातून दिले. तेव्हापासून मी पाकिटाच्या मागे पेन्सिलीने घरचे नाव लिहितो: भाटाकडले, देवळाकडले. बदली झाली तेव्हा नव्या पोस्टमनला एक वही दिली. माझ्या मते ती वही पत्त्यापेक्षा मोलाची होती.

सासष्टीतला मास्तर

मी मूळ डिचोलीचा, नोकरी सासष्टीत. तिथे अर्धा वाडा फर्नांडिस. तीच आजोबांच्या नावाची रीत, त्यामुळे तीच नावे फिरून येतात. आणि गाव ओळखते ते घराण्याच्या टोपणनावाने. मी चांगल्या हेतूने नावाच्या रकान्यातच टोपणनाव लिहीत गेलो. एका बाईंनी फॉर्मवर ते पाहिले आणि त्यांना रडू आले. ते नाव त्यांच्या सासऱ्यांच्या लंगडण्यावरून पडले होते आणि घरात कुणी ते उच्चारत नसे. मी त्यांच्यासमोर खोडून खरे नाव लिहिले, पण आधीच्या वीसेक घरांचे काय? त्यांना कुणी विचारले नव्हते. जुन्या पर्यवेक्षकांना विचारायचे आहे, टोपणनाव लिहावे की नाही?

जुना पर्यवेक्षक

माझे मत, फॉर्मवर नाही. घरचे जे नाव सांगतील तेच. टोपणनाव नजरी नकाशावर घराच्या चौकोनाजवळ पेन्सिलीने लिहा, काम झाल्यावर पुसा.

म्हादईकाठची बाई

मला तसे वाटत नाही. "वयलें घर" यात कुणाचा अपमान नाही, आणि ते फॉर्मवर असते तर माझा हात ४७वर गेला नसता. लंगडेपणाचे नाव वेगळे आणि जागेचे नाव वेगळे.

वाळपईची सून

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण नावाचाच आहे. लग्नात माझे नाव बदलले. माहेरी मी सुमन, सासरी सुलक्षणा. २०११ साली पहिल्या बाळंतपणाला मी जानेवारीतच माहेरी पेडण्याला गेले आणि एप्रिलमध्ये परत आले. माहेरी मास्तरांनी मला सुमन म्हणून लिहिले, मी समोरच होते. परत आल्यावर सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "तुजें नांव बी घातलां हां." म्हणजे मी दोनदा मोजले गेले का? आणि माझी मुलगी ११ फेब्रुवारीची. बारसे व्हायच्या आधीच फॉर्म भरला, तिचे नाव काय लिहिले असेल?

जुना पर्यवेक्षक

९ ते २८ फेब्रुवारी हा पूर्ण काळ तुम्ही पेडण्यात होतात, म्हणून तुमची जागा पेडण्यातच. वाळपईत तुमचे नाव यायला नको होते. तिथल्या प्रगणकाने "सून कुठे आहे, कधीपासून" एवढे विचारले असते तर कळले असते. नाव एकच असते तरी दोन तालुक्यांतले फॉर्म कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. दोन नावे असल्यावर तर संशयही येणार नाही. सासूबाईंनी नाव सांगितले आणि प्रगणकाने ते लिहिलेच असेल, तर हो, दोनदा. खरेच लिहिले की नुसते ऐकून घेतले, ते आता कळायला मार्ग नाही, कारण भरलेले फॉर्म कायद्याने गोपनीय असतात. मुलीच्या ओळीत "बाळ" लिहिले असणार, वय शून्य. ती पेडण्यातच धरली गेली.

काणकोणचो

बाई, एक विचारायचे राहिले. या खेपेला सगळे मोबाईलवर भरणार म्हणतात. मग वयलें आणि सकयलें कुठे लिहिणार?

म्हादईकाठची बाई

मी निवृत्त झाले, ते ॲप हातात घेतलेले नाही. आमच्या गटाचे काम या खेपेला माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे आहे. ती गेल्या रविवारी आली होती. तिला मी घराघराची गावची नावे तोंडी सांगितली, तिने वहीत उतरवून घेतली. वयल्या घरचे विठ्ठल गेल्या पावसाळ्यात गेले. तिथे आता त्यांचा मुलगा विष्णू विठ्ठल कर्ता आहे, आणि सकयल्या घरीही विष्णू विठ्ठलच आहे.