अनुभव धागा: ट्रान्झियंटचं उत्तर दोन्ही टोकांना तपासून पाहता का?

डिचोलीची बाई
मी डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना सर्किट्स शिकवते. लाप्लासचं गणित आलं की पोरं पार्शल फ्रॅक्शनमध्ये पानभर घाम गाळतात, i(t) काढतात, खाली दोन रेघा मारतात आणि सुटतात. खरं तर I(s) हातात आला की उत्तर कुठून निघणार आणि कुठे टेकणार हे लगेच कळतं. तुम्ही ही पडताळणी करता का? कधी उपयोगी पडली, कधी फसवलं, ते लिहा. माझ्याकडून एक गणित, जे मी दर बॅचला देते.

२४ व्होल्टची बॅटरी, ४ ओहम, ८ ओहम आणि २ हेन्रीची कॉइल, सगळं सिरीजमध्ये. ८ ओहमवर आडवा स्विच आहे. तो बराच वेळ ऑन, म्हणजे ८ ओहम शॉर्ट आणि करंट ६ अँपिअर. आता स्विच उघडला.

```
I(s) = (24/s + 12)/(2s + 12) = 6(s + 2)/(s(s + 6))
sI(s) = 6(s + 2)/(s + 6)
```

s अनंताकडे नेला की ६, शून्याकडे नेला की २. आता I(s) बाजूला ठेवून नुसतं सर्किट बघा. कॉइल करंटला उडी मारू देत नाही, म्हणून सुरुवात ६ वरूनच व्हायला हवी. शेवटी कॉइल म्हणजे साधी वायर, मग २४ भागिले १२, २ अँपिअर. जुळलं.

पोरं हमखास चुकतात ती अंशातल्या त्या १२ च्या चिन्हावर. वजा घातलं तर पहिलं टोक उणे ६ येतं, १२ विसरलंच तर शून्य. गंमत म्हणजे दोन्ही वेळा शेवटचं टोक २ च राहतं! म्हणून एकच टोक बघून पान उलटू नका.

फर्मागुडी थर्ड इयर
बाई, मी हे परीक्षेत करतो आणि मार्क वाचतात. माझी पद्धत सोपी. i(t) काढून झालं की t शून्य टाकायचा, मग अनंत टाकायचा, आणि sI(s) शी ताडून बघायचं. दोन्ही टोकं जुळली की उत्तर पक्कं, पुढच्या गणिताला लागायचं. दहा सेकंदांचं काम.

रिटायर्ड मास्तर, पर्वरी
पक्कं नव्हे रे बाबा, अर्धं पक्कं. बाईंच्याच गणितात कोणी `2 + 4e^(-3t)` लिहिलं तर? शून्याला ६, अनंताला २. दोन्ही टोकं जुळली आणि उत्तर साफ चूक, कारण खरं उत्तर `2 + 4e^(-6t)` आहे. छेदातला २ बाहेर काढताना गडबड झाली की नेमकी हीच चूक होते, आणि टोकांना घातांकाचा पत्ताच नसतो.

मी तिसरी गोष्ट बघायला सांगायचो: सुरुवातीचा उतार. sI(s) मधून सुरुवातीची किंमत वजा करा, पुन्हा s ने गुणा आणि s अनंताकडे न्या.

```
s[6(s + 2)/(s + 6) - 6] = -24s/(s + 6)  →  -24
```

सर्किटकडून विचारा: स्विच उघडल्या क्षणी करंट ६ च आहे, पण आता रेझिस्टन्स १२. त्याला ७२ व्होल्ट लागतात, बॅटरी देते २४, उरलेले ४८ कॉइल उलट्या बाजूने देते. ४८ भागिले २ हेन्री, म्हणजे करंट सेकंदाला २४ अँपिअर या दराने उतरू लागतो. `e^(-6t)` चा उतार उणे २४, `e^(-3t)` चा उणे १२. चोर सापडला.

मडगावकर
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथेच विचारतो. बॅटरीऐवजी `20 sin 4t` चा सप्लाय, ३ ओहम आणि १ हेन्री. I(s) आला `80/((s² + 16)(s + 3))`. s शून्याकडे नेला तर शून्य. म्हणजे शेवटी करंटच राहत नाही? मग घरचा पंखा फिरतो कसा?

डिचोलीची बाई
पंखा फिरू दे. तुमचा करंट ४ अँपिअरच्या शिखराने कायम वरखाली होत राहतो, तो कुठे टेकतच नाही. जे टेकत नाही त्याचं शेवटचं टोक विचारायचंच नाही. s ने गुणल्यावर छेदाची मुळं बघा: सगळी काल्पनिक अक्षाच्या डावीकडे असली तरच शेवटची किंमत खरी. तुमची `s² + 16` ची मुळं अक्षावरच बसलीत. पहिलं टोक मात्र इथेही चालतं, शून्य येतं, कॉइलला साजेसं.

फर्मागुडी थर्ड इयर
पण ते शून्य अगदीच फुकट नाही ना? साइनची सरासरी शून्यच असते.

रिटायर्ड मास्तर, पर्वरी
साइनपुरतं तुझं म्हणणं बरोबर. पण `1/(s - 2)` घे. s ने गुणून शून्याकडे नेलंस तर शून्यच येतं, आणि तिकडे `e^(2t)` आभाळाला भिडतोय. त्याची कसली सरासरी काढतोस?

वेर्णा पॅनलवाला
मी वेर्ण्याला पॅनल बांधतो. इथलं गणित छान आहे, पण आमच्या २४ व्होल्ट डीसी कॉन्टॅक्टरची कॉइल असं वागत नाही. स्कोपवर बघा: करंट चढतो, मध्येच खाली बुडतो, मग पुन्हा चढून ठरलेल्या जागी बसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं प्रोबच सैल आहे. तो बुडतो तेव्हाच आर्मेचर 'टक' करून बसतं. सुरुवात शून्य आणि शेवट व्होल्टेज भागिले कॉइलचा रेझिस्टन्स, हे दोन्ही जुळतं. मग तुमची पडताळणी पास, आणि मधला खड्डा गेला कुठे?

डिचोलीची बाई
आर्मेचर आत येताना हवेची फट मिटते आणि इंडक्टन्स वाढतो. L बदलत असेल तर आमचा साधा `R + sL` तिथे लागूच होत नाही. टोकं जुळली ती सर्किटच्या कृपेने, I(s) च्या नव्हे.

वेर्णा पॅनलवाला
ते ठीक. पण खड्डा यायच्या आधीचा उतार मोजून मी बंद व्हायच्या आधीचा L काढला तर चालेल का? आमच्यात दोघांची दोन मतं आहेत.

रिटायर्ड मास्तर, पर्वरी
अगदी पहिल्या क्षणाचा उतार असेल तर ढोबळ किंमत मिळेल. पण लोखंडी गाभ्यात एडी करंटही असतात, आणि ते तिथेच लुडबुड करतात. मी त्या आकड्यावर पैज लावणार नाही.

फर्मागुडी थर्ड इयर
मास्तर, तुमचा उतार सिरीज RLC वर लावून बघितला. १० व्होल्ट, २ ओहम, १ हेन्री, ०.२ फॅरड, सुरुवातीला सगळं रिकामं. `I(s) = 10/(s² + 2s + 5)`. दोन्ही टोकं शून्य, उतार १०, म्हणजे व्होल्टेज भागिले L. यात R आणि C कुठेच दिसत नाहीत!

रिटायर्ड मास्तर, पर्वरी
C पकडायला s ने न गुणता नुसत्या I(s) मध्ये s शून्य ठेव. १० भागिले ५, म्हणजे २ कुलंब. हा एकूण वाहिलेला चार्ज. कपॅसिटर शेवटी १० व्होल्टला भरतो, ०.२ गुणिले १०, तेही २.

फर्मागुडी थर्ड इयर
C सापडला. R अजून मोकळाच आहे. उताराचा उतार काढला तर उणे २० येतो आणि त्यात R दिसतो, पण एवढं करण्यापेक्षा सरळ i(t) काढलेलं बरं नाही का?