मदत हवी आहे : कॅलरी न मोजता, सावकाश जेवून पोट भरल्याची खूण कशी ओळखावी?

हळदपेठ

नमस्कार. मी सांगलीत हळदीच्या एका पेढीवर हिशेबाचे काम पाहतो. माझे वजन ८४ किलो आणि उंची ५ फूट ६ इंच आहे. साखर आणि थायरॉईडच्या तपासण्या व्यवस्थित आल्या असून डॉक्टरांनी फक्त आहार आटोक्यात आणण्यास सांगितले आहे. मोबाईलवर कॅलरी मोजून पाहिल्या, परंतु आमच्या घरात भाकरी कधी तळहाताएवढी तर कधी तव्याएवढी असते आणि आमटी सर्वांची एकाच पातेल्यात शिजते, त्यामुळे माझ्या वाट्याला नेमके किती आले हे कोणालाच सांगता येत नाही. दिवसभर आकड्यांत घालवल्यावर ताटातही आकडे नकोत, हेही खरेच.

दुपारचा डबा मी सौद्यांच्या गडबडीत दहा मिनिटांत संपवतो. सहाच्या सुमारास चहाबरोबर भडंग होते. घरी पोहोचून रात्री सव्वानऊला जेवायला बसतो तेव्हा दोन-अडीच भाकरी आणि भाजी, मग आमटी-भात, शेवटी दही-भात असे सगळे बारा-पंधरा मिनिटांत उरकते. जेवताना पोट भरल्यासारखे कधीच वाटत नाही, मात्र अर्ध्या तासाने पोट इतके जड होते की शतपावलीही नकोशी वाटते. जेवता जेवताच थांबण्याची खूण ओळखता येते का? आणि येत असेल तर ती नेमकी कोणती?

सज्जनगडी

उपाय सोपा आहे. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा. पोट भरल्याचे मेंदूला वीस मिनिटांनंतरच कळते, त्यामुळे जेवण वीस मिनिटांपेक्षा लांबवले की काम झाले. शिवाय पहिली ढेकर आली की हात धुवावेत, असे आमचे आजोबा सांगत असत आणि ते शेवटपर्यंत सडपातळ होते.

मिरजेची_आहारतज्ज्ञ

सज्जनगडी यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. सावकाश जेवणारे एका बैठकीत सहसा कमी खातात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु विसाव्या मिनिटाला घंटा वाजते असे मात्र नाही. पोट ताणले जात असल्याचा निरोप मज्जातंतूंमार्फत जेवता जेवताच मेंदूकडे जाऊ लागतो. अन्न लहान आतड्यात उतरू लागल्यावर तेथून स्रवणारी संप्रेरके त्यात भर घालतात आणि हा दुसरा निरोप हळूहळू वाढत जातो. तुमचे जेवण बारा मिनिटांत आटोपते आणि जडपणा अर्ध्या तासाने जाणवतो, तो यामुळेच. ढेकर ही तर गिळलेली हवा असते. भराभर जेवणाऱ्याला ती अर्ध्या जेवणातही येते आणि कोणाला येतही नाही. बत्तीसचा हिशेब ठेवायचा म्हणजे कॅलरी सोडून घास मोजणे झाले.

तुमच्या ताटाकडे नीट पाहिले तर वेग सगळीकडे सारखा नाही. ज्वारीची भाकरी चावल्याशिवाय गिळताच येत नाही, त्यामुळे तिथे तुम्ही आपोआप सावकाश असणार. आमटीत कालवलेला भात आणि दही-भात मात्र जवळजवळ न चावता उतरतो. माझा अंदाज असा की शेवटचा मोठा वाटा तुम्ही तीन-चार मिनिटांत संपवत असाल, आणि तोही नेमका अशा वेळी की भाकरीचा निरोप अजून वाटेत आहे. अमेरिकेत २०१९ साली २० जणांना संस्थेत ठेवून दोन-दोन आठवडे दोन प्रकारचा आहार हवा तितका खाऊ दिला, तेव्हा कारखान्यात प्रक्रिया केलेल्या आहारावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि खाण्याचा वेगही जास्त होता. वेग हे एकमेव कारण होते असे म्हणता येत नाही, पण चावावे न लागणारे अन्न हाताला थांबू देत नाही, एवढे त्यातून घेता येते.

म्हणून सगळे जेवण लांबवण्याच्या फंदात पडू नका. भाकरी-भाजी संपली की भात वाढून घेण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा. भाताचे पातेले ओट्यावरच राहू द्या आणि दिवसभराच्या गप्पा त्या वेळेत होऊ द्या. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा : आत्ता कोणी भाजीशिवाय, कोरी पाव भाकरी दिली तर मी ती खाईन का? उत्तर होय असेल तर भूक शिल्लक आहे, निःशंक भात घ्या. भाकरी नको पण दही-भात आणि लोणचे हवे, असे असेल तर पोटाचे काम झाले असून जिभेला नवी चव हवी आहे. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरीची ओढ टिकून राहते, त्यामुळे ही ओढ म्हणजे भूक समजू नये. अशा वेळी दोन घास चवीपुरते घ्यावेत.

आणखी काही खुणा आहेत. पहिल्या घासाइतकी चव आता लागत नाही, दोन घासांमधले अंतर आपोआप वाढते, मध्येच दीर्घ श्वास घेतला जातो. परंतु फार भुकेजून बसलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही. दुपारी एक ते रात्री सव्वानऊ ही उपासमार आहे, आणि भडंग तिला पुरे पडत नाही. चुरमुरे हलके, शेंगदाणे आणि तेल जड, आणि डब्यात हात घालून खाल्ले की किती गेले हे कळतच नाही. वाटीत काढून घ्या आणि सोबत उकडलेली मटकी किंवा एखादे फळ ठेवा.

कोयनाकाठ

माझ्या सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मी त्यांना असेच सावकाश जेवायला लावले, त्या निम्म्या भाकरीवर उठू लागल्या आणि एका रात्री त्यांना घाम सुटून हातपाय थरथरले. म्हणजे ही पद्धत घातक आहे ना?

मिरजेची_आहारतज्ज्ञ

पद्धत घातक नाही, पण त्यांच्या बाबतीत ती औषधाशी जुळवल्याशिवाय वापरू नये. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण अचानक कमी केले तर साखर उतरते आणि घाम, थरथर ही त्याचीच लक्षणे असू शकतात. तसे झाल्यास साखर मोजता आली तर मोजा, परंतु त्यासाठी न थांबता लगेच साखरेचे पाणी द्या, आणि डॉक्टरांना भेटून गोळीचे प्रमाण तपासून घ्या. तोवर त्यांचे जेवण पूर्वीइतकेच राहू द्या. तसेच प्रयत्न न करता कोणाचे पोट दोन घासांतच भरू लागले किंवा वजन उतरू लागले, तर तेही डॉक्टरांना दाखवावे.

हळदपेठ

आभारी आहे. काल भाकरीनंतर थांबून पाहिले. पहिली दोन मिनिटे हात पातेल्याकडेच जात होता. पाचव्या मिनिटाला कोरी भाकरी नकोशी वाटली, पण दही-भाताची इच्छा तशीच होती, म्हणून वाटीभर घेऊन उठलो. रात्री जडपणा नव्हता. अडचण निराळीच आहे. आई समोर बसून तव्यावरची गरम भाकरी थेट ताटात टाकते, आणि मी थांबलो की तिला भाजी बिघडली असे वाटते.

सज्जनगडी

आईंना नाही म्हणू नका, अर्धी भाकरी मागा. अर्धी वाढल्याचेही समाधान असते.

मिरजेची_आहारतज्ज्ञ

हे मात्र मी मान्य करते. शिवाय तुम्ही जेवायला बसण्याआधीच भाकऱ्या करून टोपलीत ठेवता आल्या तर पाहा, कारण वाढणारा हात समोर असला की जेवणाचा वेग तोच ठरवतो. दुपारच्या डब्याचे काय करायचे, हे मला अजून नीट सुचलेले नाही. सौदे दहा मिनिटांच्या पलीकडे थांबत नसतील, तर डबा दोन वेळा विभागून खाता येईल का, हे तुम्हीच सांगू शकाल.

हळदपेठ

सौदे संपेपर्यंत भाजी-भाकरी आणि साडेचारला उरलेली उसळ, असे जमू शकेल. पेढीवर बाकीचे काय म्हणतील ते पाहून आठवड्याने येथे लिहितो.