एकाच विषयाचे पाच बॅचचे मार्क: फुगवले की पोरं सुधारली?

खानापूरकर_मास्तर
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका डिग्री कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या सेमला स्टॅटिस्टिक्स शिकवतो. विषय यंदाच माझ्याकडे आला. जुने मार्कशीटचे गठ्ठे काढून वर्गाची सरासरी काढली: २०१८ ला ५४ टक्के, २०१९ ला ५५, २०२२ ला ६१, २०२३ ला ६३, २०२४ ला ६५. कोविडची दोन वर्षं सोडली. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो मार्क वाटले जातायत, दुसरा म्हणतो पोरं अभ्यास करतायत. सिलॅबस जवळजवळ तोच आहे. कुणाचं खरं, हे कसं ओळखायचं?

निपाणी_कॉमर्स
सर, यात ओळखण्यासारखं काय राहिलंय? सहा वर्षांत ११ टक्के सरासरी वाढली. पोरं एवढ्या वेगानं हुशार होत नसतात. मी २२ वर्षं शिकवतोय. सरासरी सलग वर चढत राहिली की मार्क सैल सुटलेत असं समजायचं.

आकडेमोड_टिळकवाडी
निपाणी सर, तुमचा संशय रास्त असेल, पण एकूण सरासरीवरून तो सिद्ध होत नाही. मास्तर, तीन गोष्टी सांगा. इंटर्नल आणि युनिव्हर्सिटी पेपर यांची सरासरी वेगवेगळी किती? दोन्हींचं वजन सगळ्या वर्षी सारखंच होतं का? आणि वर्गात पोरं किती?

खानापूरकर_मास्तर
परीक्षेला बसणारी ६० च्या आसपास. आधी इंटर्नल २० आणि पेपर ८०, नवीन धोरण आल्यावर ४०-६०. टक्क्यांत सांगतो. इंटर्नल: ७०, ७१, ८१, ८४, ८८. पेपर: ५०, ५१, ४७, ४९, ५०.

आकडेमोड_टिळकवाडी
आता चित्र दिसायला लागलं. आधी एक हिशोब करा. २०१९ च्याच पोरांचे मार्क घ्या, इंटर्नल ७१ आणि पेपर ५१, आणि त्यांना २०२४ चं वजन लावा. ७१ चे ४० टक्के २८.४, ५१ चे ६० टक्के ३०.६, बेरीज ५९. म्हणजे कुणी एक मार्क जास्त दिला नाही, कुणी एक पान जास्त वाचलं नाही, तरी सरासरी ५५ वरून ५९ झाली. २०१९ ते २०२४ च्या दहा टक्क्यांतले चार नुसत्या नियमबदलाचे आहेत. ते कुणाच्या माथी मारू नका. वेगवेगळ्या वर्षांची मार्कशीट शेजारी ठेवायची तर आधी वजन सारखं करून घ्यावंच लागतं.

उरले सहा. ते सगळे इंटर्नलमधून आलेत, पेपर जिथल्या तिथं आहे. ६० पोरांच्या वर्गात मार्क साधारण १५ टक्क्यांनी पांगलेले असतात. तेवढ्यानं दोन बॅचच्या सरासरीत पाच टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. त्यामुळे पेपरच्या ४७ ते ५१ मध्ये काही वाचू नका. इंटर्नलची १७ टक्क्यांची चढण मात्र योगायोगाची नाही.

सरासरी एवढंच सांगते. मार्क कुठे वाढले हे बघायला पोरांना मार्कांप्रमाणे ओळीत उभं करा, आणि खालून दहाव्या टक्क्यावरचं, मधलं आणि वरून दहाव्या टक्क्यावरचं पोर काय मार्क घेऊन उभं आहे ते दर वर्षाचं लिहा. एक्सेलमध्ये इंटर्नलचे मार्क B कॉलमात असतील तर:

```
=PERCENTILE(B2:B61,0.1)
=PERCENTILE(B2:B61,0.5)
=PERCENTILE(B2:B61,0.9)
```

२०१९ चे इंटर्नल २० पैकी असतील, ते दुप्पट करून ४० वर आणा. मगच तुलना करा.

कंग्राळीचा_बाप
हे सगळीकडेच चाललंय हो. दहावीचं बघा की. २०२३ ला एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के लागला. २०२४ ला परीक्षा हॉलमध्ये कॅमेरे बसवून वेबकास्टिंग केलं, तर ७३.४० वर आला, तोही ग्रेस दहावरून वीस टक्के केल्यावर. माझा धाकटा त्याच बॅचचा, मराठी माध्यमातला. गणितात कसाबसा पास झाला. आता लोक म्हणतात ही बॅचच कच्ची. पोरांनी काय पाप केलं?

आकडेमोड_टिळकवाडी
दादा, मास्तरांचा प्रश्न कॉलेजच्या एका विषयाचा आहे, पण तुमचं उदाहरण इथं नेमकं लागू पडतं. तुमच्या मुलाची बॅच कच्ची होती असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. मोजायची पद्धत बदलली तर आदल्या वर्षाचा आकडा आणि या वर्षाचा आकडा एका रांगेत बसत नाही. निकाल घसरला म्हणजे पोरं घसरली असं नाही, आणि चढला म्हणजे चढली असंही नाही. अशा वेळी पासच्या मार्काशी बघायचं असतं. ३५ वर पोरांचा ढीग आणि ३१ ते ३४ मध्ये जवळजवळ कुणीच नाही, असं दिसलं तर तिथं ग्रेसनं उचललंय हे सरासरी न बघताही कळतं.

खानापूरकर_मास्तर
काढलं. ४० पैकी इंटर्नल, २०१९: खालचं १८, मधलं २९, वरचं ३७. २०२४: खालचं ३२, मधलं ३६, वरचं ३९. पेपर ६० वर आणून, २०१९: १९, ३०, ४३. २०२४: १८, २९, ४३. पेपरचे आकडे इतके सारखे येतील असं वाटलं नव्हतं.

आकडेमोड_टिळकवाडी
बघा, वरचं पोर दोनच मार्कांनी हललं. त्याला जायला वर जागाच नव्हती. खालचं १४ मार्कांनी वर आलं. २०१९ ला खालच्या आणि वरच्या पोरात १९ मार्कांचं अंतर होतं, आता सात उरलं. पेपरमध्ये त्याच वर्गात अजूनही २५ चं अंतर आहे. म्हणजे पोरं एकसारखी झालेली नाहीत, इंटर्नलला ती वेगळी दिसेनाशी झालीत. माझ्या मते हे फुगवणंच आहे, आणि ते तळाकडून झालंय.

अजून एक करा. २०२४ ला इंटर्नल ३५ च्या वर आणि पेपर २१ च्या खाली, म्हणजे पेपरात नापास, अशी पोरं मोजा. तेच २०१९ लाही मोजा.

जांबोटी_मॅडम
मला हे पटत नाही, आणि मी इंटर्नल घेणारी आहे म्हणून सांगते. इंटर्नल म्हणजे शर्यत नव्हे. टेस्टमध्ये पडलेल्या मुलीला आम्ही परत बसवतो, असाइनमेंट दुरुस्त करून घेतो. पहाटेची बस धरून येणारी मुलगी तिसऱ्या खेपेला मध्यक बरोबर काढते, तर तिला मार्क का नकोत? सगळ्यांना आलं तर सगळ्यांना ३६ मिळतील. पांगापांग कमी झाली हा गुन्हा कसा?

आणि दुसरं. बसणारी पोरं ६० म्हणालात. नाव घातलेली किती होती? आमच्याकडे पूर्वी हजेरी भरली नाही म्हणून, नाहीतर इंग्रजी झेपलं नाही म्हणून, मराठी माध्यमाची कितीतरी पोरं पेपराआधीच गळायची. ती तुमच्या २०१९ च्या सरासरीत आहेत का?

निपाणी_कॉमर्स
मॅडम, तिसऱ्या खेपेला तोच प्रश्न दिला तर पाठांतरानंही येतो. आलं असेल तर पेपरमध्ये दिसायला नको का?

खानापूरकर_मास्तर
दोन्ही मोजलं. इंटर्नल ३५ च्या वर आणि पेपरात नापास: २०१९ ला एक, २०२४ ला नऊ. त्यातल्या एका मुलीला इंटर्नल ३७ आणि पेपर १४. तिची असाइनमेंटची वही कपाटात सापडली. वारंवारितेचं कोष्टक सुबक, लाल शाईनं चौकटी. पण तिच्या आधीच्या आणि नंतरच्या वहीतही बेरजेची तीच चूक त्याच ओळीत आहे. वाईट वाटलं.

आणि मॅडम, तुमचं बरोबर निघालं. २०१९ ला नाव घातलेली ७१, बसलेली ५८. २०२४ ला ६२ पैकी ६०.

आकडेमोड_टिळकवाडी
मॅडम, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. २०१९ ला १३ पोरं पेपराआधीच गळली, आणि गळणारी बहुधा कच्चीच असतात. २०२४ ला तसली पोरं बसली आणि तरीही पेपरची सरासरी खाली आली नाही. मग शिकवण्यात खरी सुधारणा झाली असणं शक्य आहे, फक्त ती सरासरीच्या पोटात दडलीय. इंटर्नल फुगलं आणि पोरंही थोडी सुधारली, दोन्ही एकदम खरं असू शकतं.

ते वेगळं काढायचं तर सारख्याला सारखं लावून बघा. दोन्ही बॅचमधली पीयूसीला, म्हणजे बारावीला, ४५ ते ५५ टक्के असलेलीच पोरं घ्या आणि त्यांचा पेपर ताडून पाहा. २०२२ ची बॅच मात्र यात घेऊ नका. ती २०२१ ला पीयूसी झालेली, त्या वर्षी परीक्षाच रद्द होऊन सगळी पास झाली. तिथं मोजपट्टीच वेगळी आहे.

पेपर दर वर्षी नवा असतो, तो सोपा-अवघड होतो, ही शंका तरीही राहते. त्यासाठी २०१९ च्या पेपरातले दहा प्रश्न यंदाच्या वर्गाला न सांगता टेस्टला द्या. तेव्हाच्या उत्तरपत्रिका नसतील तर तुलना अर्धीच होईल, पण पुढच्या वर्षापासून तेच दहा प्रश्न ठेवलेत तर तुमची स्वतःची पट्टी तयार होईल. गाईडमध्ये छापून आलेले प्रश्न त्यात नकोत.

जांबोटी_मॅडम
दहा प्रश्नांची टेस्ट मला मान्य आहे. पण इंटर्नलमध्ये पोरं पांगलीच पाहिजेत, हे अजूनही मान्य नाही.

सायली_शहापूर
माझं एम.कॉम.ला कोल्हापूरकडं एका ठिकाणी मेरिट लिस्टमध्ये दोन टक्क्यांनी नाव गेलं. आमच्या कॉलेजात इंटर्नल कडक होतं, ४० पैकी २८ म्हणजे चांगले समजायचे. शेजारच्या कॉलेजच्या मैत्रिणीला प्रत्येक विषयात ३८. पेपरमध्ये आम्ही दोघी सारख्याच. मॅडम, तुमच्या मुलींना ३६ मिळावेत, पण मेरिट लिस्ट लावणाऱ्याला ते ३६ आणि माझे २८ यांत काय फरक आहे ते दिसत नाही. मग मी कुठं दाद मागायची?

जांबोटी_मॅडम
सायली, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

खानापूरकर_मास्तर
पीयूसी ४५ ते ५५ वाली पोरं वेगळी काढली. २०१९ ला १७ सापडली, २०२४ ला २१. पेपरची सरासरी ६० पैकी २६ आणि २९.

निपाणी_कॉमर्स
तीन मार्क. म्हणजे सुधारली म्हणायची?

आकडेमोड_टिळकवाडी
एवढ्याशा पोरांत तीन मार्क इकडेतिकडे होतातच. २०१८ आणि २०२३ चीही तशीच पोरं काढा. २०१८-१९ एका बाजूला, २०२३-२४ दुसऱ्या बाजूला ठेवू, आणि तरीही फरक तीनच्या आसपास टिकला तर मी मॅडमच्या बाजूला अर्धं पाऊल येतो.

खानापूरकर_मास्तर
२०१८ चं पीयूसी मार्कांचं रजिस्टर ऑफिसात आहे, सोमवारी क्लार्ककडून घेतो.