डायलिसिसवरील वडिलांची दाढ काढायची आहे: दिवस कोणता निवडावा?

निपाणीकर
नमस्कार. माझे वडील सोमवार, बुधवार व शुक्रवारी हेमोडायलिसिस घेतात. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला आहे आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे. खालची एक दाढ हलते, हिरडीतून पू येतो आणि ब्रश लागताच रक्त दिसते. एका दंतवैद्यांनी डायलिसिसचे नाव ऐकताच ‘बेळगावला जा’ म्हणून हात झटकले. दाढ कोणत्या दिवशी काढावी, आणि ब्रश कोणता घ्यावा? सगळे मिळून तीन हजारांत बसावे, ही विनंती.

टिळकवाडीचा अण्णा
ब्रशपासूनच सुरुवात करा. मी साडेसहा हजारांचा बॅटरीवरचा ब्रश घेतला, त्यानंतर हिरडीतून रक्ताचा थेंब आलेला नाही. अशा वेळी पैशाकडे पाहू नये.

खानापूरची सूनबाई
अण्णा, त्यांनी रक्कम आधीच सांगितली आहे. आमच्या सासूबाईंची दाढ डायलिसिस आटोपून परतताना त्याच संध्याकाळी काढली. एकाच फेरीत दोन्ही कामे होतील, हा आमचा हिशेब. पहाटेपर्यंत कापूस बदलत बसलो होतो आणि तोंडात यकृताच्या तुकड्यासारखा काळपट गोळा जमला होता. दंतवैद्यांनी कोणती औषधे चालू आहेत हे विचारले, पण डायलिसिस कधी झाले हे विचारलेच नाही. बेळगावलाच जा.

संकेश्वरचे काका
अ‍ॅस्पिरिन पाच दिवस आधी बंद करावे आणि फिस्टुला असल्यामुळे अँटिबायोटिक आधीच द्यावे. हिरड्या बळकट व्हायला आमच्याकडे मिश्री लावतात. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट पुरेशा असतील, तर घाबरण्याचे कारण नाही.

सुईवाला (डायलिसिस तंत्रज्ञ)
काकांनी प्लेटलेटचा मुद्दा काढला ते बरे झाले, पण भरवसा ठेवण्यासारखी गोष्ट ती नव्हे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर प्लेटलेटची संख्या ठीक असली तरी रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे त्या नीट चिकटत नाहीत, म्हणून अहवाल चांगला असूनही जखम पाझरत राहते. डायलिसिसने ही द्रव्ये कमी होतात. परंतु यंत्रात रक्त गोठू नये म्हणून आम्ही हेपारिन देतो आणि त्याचा परिणाम पुढे काही तास टिकतो. सूनबाईंच्या घरी नेमके तेच घडले. त्यामुळे डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ काढणे उत्तम: हेपारिन उतरलेले असते आणि रक्तही नुकतेच स्वच्छ झालेले असते.

अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर सांगतील तेच करा. दंतवैद्य टाके घालून आणि खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज ठेवून बहुतेक रक्तस्राव जागीच आवरतात. केवळ फिस्टुला आहे म्हणून प्रत्येकाला आधी अँटिबायोटिक लागत नाही. मानेत कॅथेटर असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, किंवा येथे आहे तसा पू असेल, तर मात्र किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, कारण मात्राही कमी करावी लागते आणि काही औषधे डायलिसिसमध्ये धुऊन जातात म्हणून नंतर घ्यावी लागतात. दुखल्यास पॅरासिटामोल चालेल, ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक नको. फिस्टुला डावीकडे आहे, म्हणून रक्तदाब उजव्या हातावर घ्या, आणि मिश्री तर आजच सोडा.

संकेश्वरचे काका
मिश्रीने माझ्या आईचे दात अखेरपर्यंत टिकले. बाकी मान्य.

हिंडलगा ५०
मग शनिवारच योग्य. पुढचे हेपारिन थेट सोमवारी, त्यामुळे जखमेत रक्ताची गाठ बसायला दोन दिवस मिळतात.

सुईवाला
हिशेब बरोबर आहे. पण रविवारी रक्त पुन्हा सुरू झाले, तर दवाखाना कोणता उघडा असेल, हे आधी विचारून ठेवा. गॉज अर्धा तास घट्ट चावून ठेवल्यावरही तोंड ताज्या रक्ताने भरत असेल, तर वाट पाहू नका. एक दिवस थुंकी गुलाबी येणे साहजिक आहे. पहिले चोवीस तास चूळ भरू नये.

टिळकवाडीचा अण्णा
त्यासाठीच पाण्याच्या फवाऱ्याचे यंत्रही घ्यावे. चार हजारांत येते.

सुईवाला
ताज्या जखमेवर फवारा मारल्यास बसलेली गाठ निघून येईल. मऊ केसांचा साधा ब्रश पुरेसा आहे. हिरडीतून रक्त येते म्हणून घासणे सोडू नका, कारण तेथे साठलेला थरच रक्त वाढवतो.

निपाणीकर
सर्वांचे आभार. काहींनी बेळगाव आणि शनिवार सुचवला, तरी मी गुरुवारी सकाळी निपाणीतच काढायचे ठरवले आहे. दुसरे दंतवैद्य किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहून तयार झाले, त्यांचा दवाखाना घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि शुक्रवारी ते दिवसभर असतात. अ‍ॅस्पिरिन चालूच ठेवायला सांगितले आहे. शुक्रवारचे डायलिसिस हेपारिनशिवाय करण्यास विभागाने होकार दिला, मात्र यंत्रातील नळ्यांत रक्त गोठू लागल्यास वेळ कमी करावी लागेल, असेही बजावले. ब्रश चाळीस रुपयांचा घेतला.

हिंडलगा ५०
तरीही शनिवारच बरा होता.