वॉर्मअपने नसा फास्ट होतात म्हणे (चर्चा)

मैदानी_मास्तर:
पोरांनो, थंडीत वॉर्मअप का करायचा ते नीट समजून घ्या. गरम शरीरात नसांमधला करंट जोरात पळतो, मेंदूचा हुकूम पायाला लवकर पोचतो, म्हणून स्टार्ट फास्ट मिळतो. स्नायूबिनायू सगळं नंतर. दहा मिनिटं पळा, नसा तापवा, शंभर मीटरला अर्धा सेकंद वाचवा. शेअर करा.

फिजिओ_नाशिककर:
मास्तर, तीन ग्रुपवर हीच पोस्ट आली म्हणून शेवटी लिहायला बसलो. अर्धा सेकंद कुठून आणलात? हिशोब करून बघू. कंबरेपासून मांडीच्या स्नायूपर्यंत नसेची लांबी धरा अर्धा मीटर. माणसाच्या मोटर नसेत सिग्नल सेकंदाला साधारण 50 मीटरने जातो, म्हणजे तेवढ्या अंतराला 10 मिलिसेकंद. तापमान एक डिग्री वाढलं की वेग वाढतो जेमतेम 2 मीटरने. तुमच्या बाजूने उदार होऊन अख्खी नस 3 डिग्रीने तापली असं धरू (खरं तर कण्याजवळचा भाग आधीच गरम असतो, तो तापायचा प्रश्नच नाही). वेग झाला 56, वेळ झाला जवळपास 9 मिलिसेकंद. वाचला किती, तर एक मिलिसेकंद. शंभर मीटर तेरा सेकंदात मारणारा पोरगा तेवढ्यात आठ मिलिमीटर पुढे सरकतो. तुमचा अर्धा सेकंद याच्या पाचशे पट आहे.

खरा खेळ स्नायूच्या आत आहे. सिग्नल आला की कॅल्शियम सुटतं, मग मायोसिन नावाच्या प्रथिनाची डोकी शेजारच्या ॲक्टिन प्रथिनाला धरतात, ओढतात, सोडतात, परत धरतात. प्रत्येक फेरीला एटीपी हे पेशीचं इंधन मोडायला लागतं, ही रासायनिक क्रिया आहे आणि तापमान दहा डिग्रीने वाढलं की ती साधारण दुप्पट वेगाने चालते. थंडीत पहाटे मैदानावर उभ्या पोराची मांडी आत 33-34 डिग्रीला असू शकते, दहा-पंधरा मिनिटं नीट पळाल्यावर ती 37-38 पर्यंत जाते. 1979 साली बर्ग आणि एकब्लोम यांनी स्नायूचं तापमान 30 पासून 39 पर्यंत बदलून उड्या आणि स्प्रिंट मोजले, तेव्हा दर डिग्रीमागे 4 ते 6 टक्के फरक मिळाला. नसेने एक मिलिसेकंद दिला, बाकीचं सगळं स्नायूने.

मैदानी_मास्तर:
वा, कॅल्क्युलेटर घेऊन मैदानात उतरलात. मी वीस वर्षं पोरं पळवतोय, पीएचडी नाही केली. मग सांगा, थंडीत बोटं का काम करत नाहीत? शर्टाचं बटण लागत नाही. नसाच थंड पडतात ना? की तिथेही तुमचं मायोसिन?

ईएमजीवाली_ताई:
मास्तरांच्या या मुद्द्यात दम आहे, पण मांडीसाठी नाही, हातासाठी. आमच्या नसा तपासायच्या लॅबमध्ये डिसेंबरात स्कूटरवरून आलेल्या बाईंचा हात पाहिला, त्वचा 27 डिग्री. मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत सिग्नलला 4.8 मिलिसेकंद लागले. रिपोर्ट तसाच काढला असता तर कार्पल टनल, म्हणजे मनगटात नस दाबली गेलीय, असा शिक्का बसला असता, मग पट्टा, इंजेक्शन, कदाचित ऑपरेशन. कोमट पाण्यात हात ठेवला, 33 डिग्रीला आल्यावर तेच मोजलं तर 3.6. एका डिग्रीला 0.2 मिलिसेकंद, अगदी हिशोबात. म्हणून आम्ही हात 32 च्या खाली असेल तर टेस्टच सुरू करत नाही, आणि दुसऱ्या एका ठिकाणी थर्मामीटर न लावता काढलेले रिपोर्ट घेऊन लोक येतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

गंमत म्हणजे थंड हातात सिग्नल हळू असतो पण पडद्यावर त्याच्या लाटेची उंची जास्त दिसते. नसेतली सोडियम आत घेणारी दारं उघडी राहतात जास्त वेळ. खऱ्या कार्पल टनलमध्ये सहसा उंची कमी होत जाते. वेळ लांबलेला आणि उंची झकास, असं दिसलं की मी आधी हात लावून बघते गार आहे का.

फिजिओ_नाशिककर:
ताई, मान्य, हात उघडा असतो, नस वरवर असते, तिथे नसेचा वेग खरंच पडतो. पण बटण न लागण्यामागे तेवढंच नाही, बोटाच्या टोकाचा स्पर्श जातो आणि हाताचे बारके स्नायूही गार पडलेले असतात.

मैदानी_मास्तर:
म्हणजे नसा थंड पडतात. एवढंच कबूल करायला तीन परिच्छेद लागले. धन्यवाद.

लालमाती_काका:
अरे मिलिसेकंद मिलिसेकंद काय लावलंय. आमच्या तालमीत पहाटे चारला वस्ताद तेल लावून मालिश करायला लावायचे, मग जोर, मग बैठका, अंगातून वाफ निघाल्याशिवाय मातीत पाय ठेवू द्यायचे नाहीत. थंड अंगाने पकड बसतच नाही, ताकदच लागत नाही.

फिजिओ_नाशिककर:
काका, जोर-बैठका शंभर टक्के बरोबर. पण ‘ताकद लागत नाही’ इथे थोडं थांबा. नुसतं धरून ठेवायचंय, हलायचं नाही, अशी जास्तीत जास्त ताकद स्नायू बऱ्यापैकी गार असला तरी फारशी कमी होत नाही. फरक पडतो तो वेगात. सार्जंट यांनी 1987 मध्ये माणसांचे पाय वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात ठेवून सायकल मारायला लावली. पेडल मिनिटाला 54 फेऱ्यांनी फिरत होतं तेव्हा एका डिग्रीमागे सुमारे 2 टक्के फरक, आणि 140 फेऱ्यांना जवळपास 10 टक्के. स्नायू जितका भरभर आखडायला हवा, तितकं मायोसिनला धर-सोड पटकन करायला लागतं आणि तिथेच थंड स्नायू मागे पडतो. म्हणजे तुमची घट्ट पकड थंडीतही बऱ्यापैकी राहील, पण ढाकेचा डाव मारायची उसळी जाईल.

लालमाती_काका:
तू कधी मातीत उतरलायस का ते सांग आधी. पण ढाकेचं म्हणतोस ते खरं असेल, गार अंगाने ढाक मारणारा आमच्यात एकच होता आणि तो प्रत्येक वेळी स्वतःच खाली जायचा.

तबला_सोलापूर:
माझं थोडं वेगळं आहे. डिसेंबरात पहाटेच्या मैफलीला बसलो की पहिली दहा मिनिटं द्रुत लय येतच नाही, बोट खाली जातं पण वर येत नाही असं वाटतं. लवकर मारता येत नाही असं नाही, लवकर *उचलता* येत नाही.

फिजिओ_नाशिककर:
अगदी नेमकं पकडलंत. आखडणं जसं हळू होतं तसं सुटणं त्याहून जास्त रेंगाळतं, कारण सुटायला कॅल्शियम परत आत पंप करावं लागतं आणि हा पंप थंडीत फार सुस्त होतो. धावताना पण हेच. मांडीचा पुढचा स्नायू ओढत असताना मागच्याने मोकळं व्हायला हवं, तो अजून सुटलेलाच नसतो, म्हणून पाय जड वाटतो.

गृहिणी_ठाणे:
माझी मान रोज सकाळी आखडते, गरम पाण्याची पिशवी ठेवली तर स्पीड वाढेल का

ईएमजीवाली_ताई:
ताई, मानेचा स्पीड वाढवून काय करणार 😄 बरं वाटेल, ठेवा. हात बधीर होत असेल तर मात्र दाखवून घ्या.

स्प्रेवाला_भाऊ:
एवढं कशाला, तो निळा बाम चोळा, दोन मिनिटात मसल गरम. आमच्या टीममध्ये सगळे तेच करतात.

फिजिओ_नाशिककर:
हेच ते! मेंथॉलने मसल तापत नाही हो, त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या नसा चाळवतात. तिखटासारखं झोंबणारं मलम असेल तर उष्णता ओळखणाऱ्या. त्वचा लाल होते, आतली मांडी होती तिथेच. भाऊ, बाम लावून थेट स्प्रिंट मारणारी पोरं मी दर सीझनला बघतो.

स्प्रेवाला_भाऊ:
मग तेलमालिश पण बोगस का? काकांना सांगा की हे.

लालमाती_काका:
मालिशला हात लावायचा नाही.

फिजिओ_नाशिककर:
मालिशने वरची त्वचा तापते, खोलवर फारसं पोचत नाही. काका, मालिश करणाऱ्याचे हात मात्र छान वॉर्मअप होतात.

लालमाती_काका:
पोरा, आमच्यात मालिश आळीपाळीने असते. मोज आता.

मुंबईकर_जॉगर:
आमच्याकडे थंडीच नसते, मग वॉर्मअप सोडून देऊ का? सगळी चर्चा पहाटे कुडकुडणाऱ्यांची आहे.

फिजिओ_नाशिककर:
शंभर मीटरला तरी करा, मुंबईतही मांडी बसल्या बसल्या 37 ला नसते. पण मे महिन्यात सोळाशे मीटरआधी लांबलचक वॉर्मअप करू नका. लांब पळताना आतलं तापमानच 39 च्या वर चढायला लागलं की मेंदूच पाय आखडते घेतो, तिथे गरमी फायद्याची राहत नाही.

भरतीवाली_सातारा:
तुमचं सगळं ठीक आहे पण माझं ऐका. जानेवारीत भरतीला पहाटे पाचला बोलावलं, सहाला मी मस्त वॉर्मअप केला, घाम आला. मग ओळीत चेस्ट नंबरची वाट बघत थंड सिमेंटवर तास बसवलं, जॅकेट काढायला लावलं, उठून पाय झटकू दिला नाही. शंभर मीटरला तिसाव्या मीटरला मागची मांडी गेली. वॉर्मअप केला होता ना मी? मग काय उपयोग? या आयोजकांना काही वाटतं का?

फिजिओ_नाशिककर:
उपयोग होता, पण तो तुमच्याजवळून काढून घेतला. फुटबॉलवाल्यांचं मोजलंय, हाफटाइमच्या पंधरा मिनिटांत मांडीचं तापमान सुमारे 2 डिग्रीने उतरतं आणि दुसऱ्या हाफच्या सुरुवातीचा स्प्रिंट 2.4 टक्क्यांनी मंदावतो. तेही ड्रेसिंग रूममध्ये. तुम्ही सिमेंटवर तासभर. लंडन 2012 ला ब्रिटिश सायकलपटू दोन शर्यतींच्या मध्ये बॅटरीवर तापणाऱ्या पँट घालून बसत होते, ते याचसाठी.

मैदानी_मास्तर:
आमच्या पोरांना बॅटरीची पँट देणार का तुम्ही? इथे पाणी प्यायला देत नाहीत.

फिजिओ_नाशिककर:
पँट नको. शेवटच्या क्षणापर्यंत ट्रॅकसूट, बसलात तरी खाली काहीतरी जाड, आणि नाव पुकारायच्या आधी तीन-चार मिनिटं उड्या आणि गुडघे वर. पहिल्या तीन ते पाच मिनिटांतच तापमान सगळ्यात जास्त चढतं, त्यामुळे थोडक्यात बरंच परत मिळतं.

भरतीवाली_सातारा:
ओळीत उड्या मारल्या तर बाहेर काढतात. बसून मांडी कडक-सैल केली तर?

फिजिओ_नाशिककर:
करा, स्नायू काम करेल तर उष्णता निघेलच, थोडी कमी निघेल. आणि तुमची मांडी गारठ्यानेच गेली असं मी छातीठोक नाही म्हणणार, हॅमस्ट्रिंगच्या इजेला पन्नास कारणं असतात, आधीची दुखापत सगळ्यात मोठं.

भरतीवाली_सातारा:
आधी काहीच नव्हतं मला. तुम्ही पण शेवटी आयोजकांचीच बाजू घेतली.

मैदानी_मास्तर:
बघा, हिशोबवाल्यांकडून पोरांना मिळतं ते एवढंच. पोस्टमधलं ‘अर्धा सेकंद’ काढतो, ‘नसा’ ठेवतो. ताईंनी हातातल्या दाखवल्यात.

ईएमजीवाली_ताई:
हातातल्या दाखवल्या, मास्तर. पोस्ट पायाची आहे.