फोटोतल्या हिस्टोग्रामवरून व्हीएआर कसा पडताळायचा? सल्ला हवा

सागरवेल (चिपळूण)
एका सादरीकरणात पडद्यावरच्या स्लाइडचा मोबाइलने तिरकाच फोटो काढला होता. एका इक्विटी फंडाच्या रोजच्या परताव्याचा हिस्टोग्राम आहे, 250 दिवसांचा, प्रत्येक खांब अर्ध्या टक्क्याचा. खाली लिहिलंय: 95% व्हीएआर 1.7%. मूळ आकडे मिळत नाहीत. त्या फंडात आमचे 4 लाख आहेत, म्हणजे एका दिवसात 6,800 च्या वर तोटा होणार नाही, बरोबर? आणि फोटोवरून हा आकडा तपासायला काय वापरू?

पोफळीबाग (दापोली)
खांब मोजत बसू नका. प्रमाण विचलन मिळालं की त्याला 1.65 ने गुणा आणि सरासरी वजा करा. झाला व्हीएआर.

कातळसडा (रत्नागिरी)
ताई, 6,800 ही कमाल मर्यादा नव्हे. आकडा म्हणतो की त्या 250 दिवसांपैकी साधारण 12-13 दिवस तोटा 1.7% किंवा त्याहून जास्त होता. म्हणजे बाजार चालू असलेल्या दर वीस दिवसांत एकदा, जवळजवळ दर महिन्याला. त्या दिवशी किती जास्त जाईल, याबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही.

आता तपासणी. फोटो आधी मोबाइलच्या स्कॅनरमधून सरळ करून घ्या, नाहीतर लांबच्या बाजूचे खांब बुटके दिसतात. मग `WebPlotDigitizer` फुकट आहे, त्यात अक्षावरचे आकडे नेमून खांबांची उंची घ्या. उंची शून्याच्या रेषेपासून मोजा, चित्राच्या तळापासून नको. सगळ्या खांबांची बेरीज 250 च्या आसपास आली पाहिजे. बेरीज 2 आली तर उभा अक्ष दिवसांचा नसून घनतेचा आहे. तेव्हा प्रत्येक उंचीला 0.5 ने आणि मग 250 ने गुणायचं. सगळ्यात डावा खांब "याहून कमी" असा गोळा केलेला नाही ना, तेही बघा.

सागरवेल
बेरीज 249 आली. डावीकडून: −4 ते −3.5 मध्ये 1, पुढचा रिकामा, मग 2, 4, 9, आणि −1.5 ते −1 मध्ये 22.

कातळसडा
छान, एका दिवसाचा फरक चालतो. 250 चे 5% म्हणजे 12.5 दिवस. −2 पर्यंत 7 दिवस झाले, उरलेले साडेपाच पुढच्या 9 च्या खांबातून घ्यायचे. खांबाचा 61% भाग, म्हणजे −2 पासून 0.31 आत: −1.69%. स्लाइडवरचा आकडा जुळतो. पण हे खांबात दिवस सारखे पसरलेत असं धरून. चित्रातून खात्रीने एवढंच निघतं की उत्तर 1.5 आणि 2 च्या मध्ये, म्हणजे 6,000 ते 8,000.

शिवाय 12.5 हा आकडाही हलता आहे. दुसऱ्या तशाच वर्षात त्याच रेषेखाली 6 ते 19 दिवस सहज येऊ शकतात. त्या हिशेबाने व्हीएआर सुमारे 1.4 पासून 2.1 पर्यंत कुठेही असू शकतो. दशांशानंतरचे दोन आकडे वाचून फार भारावू नका.

मला विचाराल तर त्या वाईट साडेबारा दिवसांची सरासरी काढा. खांबांचे मध्य धरून ती सुमारे 2.3% येते, 4 लाखांवर 9,000 च्या थोडी वर. वाईट दिवस उजाडलाच तर किती, हे तिच्यातून कळतं.

पोफळीबाग
मग माझं सूत्र चुकीचं का?

कातळसडा
5% ला ते बरेचदा बरं जमतं, कधी थोडं जास्तच सांगतं. पण फार मोठे तोटे सूत्र धरतं त्याहून जास्त वेळा येतात, म्हणजे शेपटी जाड असते, म्हणून 1% ला कमी सांगतं, आणि धोका तिथेच असतो.

कोकमसरबत (कुडाळ)
माका एक सांगा, आमच्या हापूसाक ह्या चलात काय? वाशीचो रोजचो पेटीचो भाव वहीत लिवलेलो आसा, दोन महिन्यांचो.

कातळसडा
भाव नव्हे, रोजचा टक्केवारीतला बदल घ्यावा लागेल. पण दोन महिन्यांच्या पन्नासेक दिवसांचे 5% म्हणजे अडीच दिवस, त्यावर काय भरवसा ठेवणार? शिवाय आवक वाढत गेली की भाव उतरतच जातो. ती नेहमीची उतरण बाजूला काढल्याशिवाय सगळा हिस्टोग्रामच डावीकडे सरकलेला दिसेल.

पोफळीबाग
1% चं पण काढा की ताई, अडीच दिवस, −2.6 च्या आसपास येईल.

कातळसडा
तीन दिवसांवर टेकलेला आकडा. मी कुणाला दाखवणार नाही. आणि ते 250 दिवस कधीचे आहेत? निफ्टी 23 मार्च 2020 ला एका दिवसात सुमारे 13% पडला होता. शांत वर्ष घेतलं तर ते चित्रात येणारच नाही.

पोफळीबाग
तरी काहीच न सांगण्यापेक्षा "तीन दिवसांवरून" असं लिहून दिलेलं बरं.

सागरवेल
स्लाइडवर तारखा नाहीत. विचारून बघते.