अंकात लिहू की अक्षरात? केळीच्या रेकॉर्डिंगवरून सुरू झालेला धागा

रावेरचा_भूषण
नवीन लोकांसाठी अनुभवाचे बोल. केळी उत्पादकांचं चार तासांचं रेकॉर्डिंग जमवलंय, त्यावर बोललेलं लिहून काढणारं व्हिस्पर मॉडेल शिकवतोय. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. आकडे सरळ अंकांत लिहा, वापरणाऱ्याला अंकच हवे असतात. क्लिप जेवढी लांब तेवढा संदर्भ जास्त. आणि बोलीतलं सगळं शुद्ध मराठीत करून टाका, 'जसं ऐकलं तसं' लिहिण्यात नुसता वेळ जातो. मॉडेल आपोआप शिकतं. माझी शब्दचूक १८ टक्क्यांवर आलीय.

तापीकाठ
भूषणभाऊ, पहिली दोन वाक्यं वाचून गप्प बसणार होतो, पण हे वाचून कुणी चार महिने वाया घालवेल. मी घालवले आहेत.

आमचंही चार तासांचंच काम होतं, सरासरी नऊ सेकंदांच्या साधारण सोळाशे क्लिपा. लिहायला तीन जण. एका क्लिपमध्ये शेतकरी म्हणतो, "मागच्या बाजाराला साडेबाराशेनं गेली, आता व्यापारी पावणेतेराशे म्हणतोय." एकाने लिहिलं '१२५०', दुसऱ्याने 'साडे बाराशे', तिसऱ्याने 'साडेबाराशे'. तिघांनाही नीट ऐकू आलं होतं. तिघंही आपल्या जागी बरोबर होते.

आता मॉडेलच्या बाजूने बघा. '१२५०' हा एकच मजकूर, पण त्याच्यासमोर तीन वेगळे आवाज येतात. कुणी 'साडेबाराशे' म्हणतो, कुणी 'बाराशे पन्नास', कुणी 'एक हजार दोनशे पन्नास'. हजारो तासांचा आवाज असता तर मॉडेलने हेही पचवलं असतं. चार तासांत 'साडेबाराशे' हा शब्द किती वेळा येणार, सात-आठदा? त्यातही निम्मे अंक आणि निम्मी अक्षरं. आमच्या मॉडेलने काय शिकलं माहीत आहे? ते 'साडे १२००' लिहायला लागलं. आणि एका ठिकाणी 'पावणेतेराशे'चं झालं '१३७५'. मोजणीत ती एका शब्दाची चूक. शेतकऱ्याला क्विंटलमागे शंभर रुपयांची.

तेव्हा आम्ही सगळं मोडून परत लिहिलं. आकडा जसा उच्चारला तसा, अक्षरांत. 'साडे', 'पावणे', 'सव्वा' पुढच्या शब्दाला जोडून. एक ते शंभरच्या आकड्यांचा एक तक्ता भिंतीवर, प्रत्येकाचं एकच रूप, आणि त्याबाहेरचं रूप दिसलं की क्लिप परत. अंक हवे असतील तर मॉडेलच्या नंतर एक छोटा प्रोग्राम लावायचा, तो 'साडेबाराशे'चं १२५० करतो. तो चुकला तर कुठे चुकला ते दिसतं आणि पाच मिनिटांत दुरुस्त होतं. मॉडेलच्या पोटात गेलेली चूक अशी हाताने काढता येत नाही.

रावेरचा_भूषण
दादा, व्हिस्पर मुळात अंक काढतोच की. इंटरनेटवरच्या उपशीर्षकांवर शिकलाय तो. तुम्ही त्याला अक्षरं शिकवताय म्हणजे जे येतं ते विसरायला लावताय.

तापीकाठ
हे अर्धं बरोबर आहे. व्हिस्पर अंक काढतो, खरंय. पण कधी अंक, कधी अक्षर, आणि सव्वा-दीड-अडीचच्या वाटेला गेला की आमच्याकडे तरी अडखळायचाच. सगळंच्या सगळं अंकांत, एकही अपवाद न करता लिहिलं असेल तर मी तुमच्याशी भांडणार नाही. पण मग 'एक माणूस आला होता' याचं काय लिहिलं? 'अडीच एकर'चं? '२.५' की '२॥'? 'दीडेक महिना'?

रावेरचा_भूषण
'एक' अक्षरातच ठेवलाय. अडीच पण. दीडेकचं आठवत नाही.

तापीकाठ
म्हणजे मिसळ झालीच.

गिरणेचा_नाना
मंडळी, मध्येच विचारतो. आमच्या अप्पांच्या भजन-भारुडाच्या बारा कॅसेटा आहेत, आवाज खणखणीत. त्या दिल्या तर कॉम्प्युटर शब्द लिहून देईल का? गावातल्या मुलाने सांगितलं की इथे असंच काम चालतं.

तापीकाठ
नाना, कॅसेटा जपा आणि आधी संगणकात उतरवून घ्या, फीत वर्षागणिक खराब होते. पण शिकवण्यासाठी त्या इथे चालायच्या नाहीत. मागे मृदंग, टाळ, वर ताणलेले सूर आणि झीलकऱ्यांचे आवाज एकमेकांवर. शब्द माणसालाच लिहून काढावे लागतील.

धुळ्याच्या_बाई
मी शाळेत मराठी शिकवते आणि घरात अहिराणी बोलते. मला आकड्यांशी घेणं नाही. 'बोलीतलं शुद्ध करून टाका' हे वाक्य मात्र मी खपवून घेणार नाही. माझ्या सासूबाईंच्या गोष्टी मी एका संग्रहासाठी दोन दिवस बसून रेकॉर्ड करून दिल्या. लिहून परत आलं तेव्हा प्रत्येक 'मले'चं 'मला' झालं होतं, 'शे'चं 'आहे', 'काय करी ऱ्हायना'चं 'काय करतो आहेस'. सासूबाईंनी एकही शब्द तसा उच्चारला नव्हता. आवाज त्यांचा, मजकूर दुसऱ्याच कुणाचा. आमनी बोली म्हणजे मराठीनी चूक नही शे.

रावेरचा_भूषण
बाई, मी अशुद्ध कुठे म्हटलं? माझे शेतकरी अहिराणी बोलतच नाहीत, मराठीच बोलतात. फक्त ळ चा य करतात. जयगाव, डोया, शाया. आता 'जयगाव' लिहून ठेवलं तर उद्या जळगावचा भाव कुणाला सापडणार?

धुळ्याच्या_बाई
तुम्ही 'शुद्ध मराठीत' म्हणालात. शुद्धच्या समोर काय येतं ते तुम्हीच सांगा. आणि 'फक्त' ळ चा य? त्या य वरून मला कॉलेजात वर्गभर हसले होते. आज त्याच बोलीचा आवाज तुम्हाला फुकटात हवा आहे आणि लिहिताना ती लपवायची आहे.

रावेरचा_भूषण
फुकटात नाही घेतला. प्रत्येक शेतकऱ्याकडे स्वतः गेलोय, उन्हातान्हात. माझी आजीही 'जयगाव'च म्हणायची. मला शिकवू नका.

तापीकाठ
दोघंही थांबा जरा. बाईंचं आणि भूषणचं साहित्यच वेगळं आहे. 'मले', 'शे', 'ऱ्हायना' हे शब्द आणि व्याकरण आहे, ते बदललं तर तो अनुवाद होतो. आवाजात जे नाही ते मजकुरात आलं की मॉडेलला ऐकण्याऐवजी अंदाज करायची सवय लागते. तिथे बाई शंभर टक्के बरोबर. 'डोळा-डोया' हा त्याच शब्दाचा स्थानिक उच्चार आहे, आणि उपयोग बाजारभाव शोधायचा असेल तर 'डोळा' लिहिणं मला चालतं, अट एवढीच की सोळाशेच्या सोळाशे क्लिपांत तसंच हवं.

धुळ्याच्या_बाई
तुमची ही रेघ तुम्हाला सोयीची आहे म्हणून तिथे ओढलीत. अहिराणीत 'डोया' हाच शब्द आहे, कशाचाही उच्चार नाही.

तापीकाठ
अहिराणीत, हो. मान्य. म्हणून अहिराणीच्या क्लिपांना मी वेगळी खूण करतो आणि त्यात 'डोया'च लिहितो. भांडण मराठी बोलणाऱ्या माणसाच्या य चं आहे. तिथेही माझा हात अडतो ते 'काया' पाशी. 'घड काया पडला' हे ऐकून तसंच लिहिलं, तर शरीर या अर्थाची काया आणि रंगाने काळा यांत मजकूर फरक करत नाही. आम्ही दोन रकाने ठेवले, एकात ऐकलं ते, दुसऱ्यात छापील रूप. एका तासाच्या आवाजाला आधी सात तास लागायचे, ते दहावर गेले. ज्याच्याकडे माणसं नाहीत त्याला हे सांगायला मला जड जातं.

चोपड्याची_वर्षा
मी असे मजकूर तपासायचं काम करते. बोलीपेक्षा जास्त क्लिपा माझ्याकडून 'केलं' आणि 'केले' यावरून परत जातात. बोलणारा 'काम केलं' म्हणतो आणि लिहिणारा शाळेच्या सवयीने 'काम केले' लिहितो. नंतर सगळीकडे एकदम बदलून टाकू म्हणावं तर तेही जमत नाही, कारण 'त्यांनी दोन फोन केले' इथे 'केले'च बरोबर. कान लावूनच बघावं लागतं.

आणि भूषणदादा, लांब क्लिपांबद्दल. व्हिस्पर तीस सेकंदांपुढचा आवाज कापतो, पण मजकूर आपोआप कापला जात नाही. चाळीस सेकंदांची क्लिप दिलीत तर शेवटच्या दहा सेकंदांचे शब्द मॉडेल आवाजाशिवाय पाठ करतं, आणि पुढे शांततेतही वाक्यं रचायला लागतं. तीस सेकंदांच्या आतही धोका आहे. मजकुराची मर्यादा ४४८ टोकनांची, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडतं त्यांची, आणि देवनागरीला टोकन फार लागतात. भरभर बोलणाऱ्या माणसाची पंचवीस सेकंदंही तिच्यावर जाऊ शकतात. हे एकदा चालवून बघा:

```python
n = len(tokenizer(text).input_ids)
if sec > 28 or n > 440:
    print(clip_id, sec, n)
```

मी पाच ते पंधरा सेकंदांच्या ठेवते, शांततेवर कापून, दोन्ही टोकांना जरा मोकळी जागा सोडून. मशीनने कापलेलं मात्र ऐकून घ्या. माणूस 'साडे' म्हणून श्वास घेतो आणि मग 'बाराशे' म्हणतो. मशीन बरोब्बर तिथे कापतं.

रावेरचा_भूषण
चालवलं. एकशे बारा क्लिपा निघाल्या. ठीक आहे, लांबीचं मानलं. पण मग १८ टक्के कसे आले? एवढं सगळं चुकलेलं असतं तर आकडा वाईट आला असता.

तापीकाठ
मोजण्याआधी मजकूर साफ करायला `BasicTextNormalizer` वापरलंत का?

रावेरचा_भूषण
हो. सगळे तेच वापरतात.

तापीकाठ
त्याला एक वाक्य देऊन बाहेर काय येतं ते डोळ्यांनी बघा. ते मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळं खूण समजून काढून टाकतं आणि तिथे मोकळी जागा सोडतं. 'गेला' आणि 'गेली' दोन्हींचं 'ग ल' होतं. 'केळी' आणि 'काळा' दोन्ही 'क ळ'. मॉडेलने 'केळी'ला 'काळा' लिहिलं तरी तुमच्या मोजणीत ते बरोबर. विरामचिन्हं तेवढी काढा, मात्रांना हात लावू नका, आणि परत मोजा. परीक्षेच्या क्लिपांतले शेतकरी शिकवणीच्या क्लिपांत नाहीत, हेही बघून घ्या.

रावेरचा_भूषण (दुसऱ्या दिवशी)
परत मोजलं. ३४ टक्के. परीक्षेतले दोन शेतकरी शिकवणीतही होते, त्यांना काढलं तर आणखी वर जाईल. रात्रभर झोप नाही. आकडे अक्षरांत करायला घेतलेत. 'शुद्ध' हा शब्द मी मागे घेतो बाई, पण माझ्या क्लिपांत 'जळगाव'च राहणार. तापीकाठदादा, तो एक ते शंभरचा तक्ता असेल तर टाका.

धुळ्याच्या_बाई
शब्द मागे घेतलात, बरं केलंत. क्लिपांबरोबर निदान कागदावर लिहून ठेवा की बोलणारा 'जयगाव' म्हणाला होता.

तापीकाठ
तक्ता संध्याकाळी टाकतो. तोवर तुमच्या क्लिपांत ९८ ची किती रूपं आहेत ते मोजून ठेवा. आमच्यात पाच निघाली होती, कारण मोबाइल नंबर सांगताना लोक दोन-दोनच्या जोड्यांत बोलतात आणि बऱ्याच नंबरांची सुरुवातच अठ्ठ्याण्णवने.

गिरणेचा_नाना
कॅसेटा उतरवून देणारं चाळीसगावात कुणी आहे का?